धोक्याची नोंद

कारखान्याच्या धोका-नोंदवहीत ‘प्रेसवर अपघात संभवतो, काळजी घ्यावी’ असे मी पुष्कळदा वाचले आहे. ही नोंद नव्हे, हात झटकणे झाले. नोंद अशी हवी: ‘दुसऱ्या पॉवर प्रेसची जाळी काढून काम चालते, त्यामुळे पत्रा सरकवताना बोटे तुटू शकतात. शक्यता ५ पैकी ४, परिणाम ५. जबाबदार: देखभाल फोरमन. उपाय: जाळी उघडताच प्रेस थांबवणारा इंटरलॉक, १५ तारखेपर्यंत.’ तो बसल्यावर शक्यता उतरते. परिणाम मात्र ५ च राहतो, कारण बोट तुटायचे तेवढेच तुटते. शक्यताही १ नव्हे, २ धरावी. घाईच्या पाळीत इंटरलॉक तार बांधून निकामी करतात, म्हणून फोरमनने दर सोमवारी जाळी उघडून पाहावी आणि सही करावी.