वीस मिनिटांच्या भाषणासाठी एकवीस दिवस

११ नोव्हेंबर हा मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस. २००८ पासून तो राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी अकलूजमध्ये पालकांसमोर वीस मिनिटे बोलण्याचे माझ्या भाचीकडे आले, तेव्हा आम्ही दिनदर्शिका उलटी मोजली आणि २१ ऑक्टोबरला काम सुरू केले. त्याचा हा तपशील. आपल्या घरातले कोणी कधी बोलायला उभे राहणार असेल, तर उपयोगी पडेल.

पहिल्या आठवड्यात लिहायचे आणि त्याहून जास्त खोडायचे. भाचीच्या पहिल्या मसुद्यात मौलानांचा मक्केतला १८८८ चा जन्म, ‘अल-हिलाल’, काँग्रेसचे अध्यक्षपद, शिक्षणमंत्रीपद असे सगळेच होते. वीस मिनिटांत एवढे बोलले की ऐकणाऱ्याच्या हाती फक्त सनावळ्या राहतात. म्हणून तिला एकच तुकडा निवडायला सांगितला: अहमदनगरचा किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झाल्यावर मौलानांना तिथे ठेवले होते. नेहरू आणि पटेलही तिथेच होते. मौलानांनी तिथे मित्राच्या नावे पत्रे लिहिली, ती पाठवण्याची सोय नव्हती. पुढे १९४६ मध्ये ती ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’ या पुस्तकात आली. त्यांत चहाची आवड आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कोलकात्यात वारल्या, तेव्हा ते या किल्ल्यातच होते. बाकी सगळे दोन वाक्यांत आटोपले.

लांबीचा अंदाज शब्दांवरून येतो. भाचीने एक पान मोठ्याने वाचले, मी घड्याळ लावले. मिनिटाला सुमारे एकशे दहा शब्द झाले, म्हणजे वीस मिनिटांना बावीसशे. मसुदा मात्र अठराशेवर थांबवला, कारण समोर माणसे असली की थांबावे लागते, आणि जुलेखा बेगमच्या प्रसंगानंतर तर थांबलेच पाहिजे.

२८ ऑक्टोबरपासून तालीम. पहिले दोन दिवस कागद पाहून, मग पोस्टकार्डाएवढ्या चार चिठ्ठ्यांवर. चिठ्ठीवर पूर्ण वाक्य लिहायचे नाही, नाहीतर नजर तिथेच अडकते; ‘चिमण्या’, ‘पत्रे’, ‘तार’ असे शब्द पुरतात. फक्त पहिले आणि शेवटचे वाक्य शब्दशः पाठ. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला, तर ‘म्हणजे’ हा शब्द वीस मिनिटांत एकोणतीस वेळा आला होता. तिने स्वतः मोजले आणि चौथ्या तालमीत तो सहावर आला. ‘ख़ातिर’मधला ‘ख़’ घशातून यायला हवा, म्हणून उर्दू शब्द वेगळे दहा-दहा वेळा म्हटले. तिच्या आजीला, जिने हे पुस्तक पाहिलेले नाही, एकदा सगळे ऐकवले. आजीने विचारले, “पत्रं पाठवली नाहीत, तर लिहिली कशाला?” तो प्रश्न तसाच भाषणात घेतला.

स्लाइड तालमीनंतरच करायच्या. आधी केल्या की माणूस स्लाइडच वाचून दाखवतो. आमच्या आठ झाल्या: किल्ल्याचे चित्र, नकाशा, पुस्तकाचे नाव, असे. आपल्याकडची नेहमीची अडचण म्हणजे अक्षरे. घरच्या संगणकावर सुंदर दिसणारी नस्तालीक सभागृहाच्या संगणकावर तो फाँट नसेल तर साध्या वळणात येते, कधी जोडाक्षरेही तुटतात. म्हणून स्लाइडची PDF करायची, तीत फाँट सोबत जातो. ती पेनड्राइव्हवर आणि मोबाइलमध्येही ठेवायची. पडद्यावर एका वेळी सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको.

जागा पाहायला मात्र तिसऱ्या आठवड्याची वाट पाहू नये. दिवाळीची सुट्टी याच सुमारास येते, शाळा बंद, चावी शिपायाकडे आणि शिपाई गावाला. आम्ही ३० ऑक्टोबरला गेलो. प्रोजेक्टरला जुनी व्हीजीए वायर, आमच्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. अडॅप्टर आणायला वेळ मिळाला. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारनंतर ऊन थेट पडद्यावर येत होते, तिथे जाड चादर लावायची ठरली. भाची शेवटच्या रांगेत बसली आणि स्लाइडवरचे सगळ्यात लहान अक्षर तिला वाचता आले का, ते पाहिले. नाही आले, ते मोठे केले. माइक तोंडापासून चार बोटे धरला की शिट्टी येत नव्हती, पण स्पीकरसमोर गेले की येत होती. म्हणून उभे राहायच्या जागी खडूने खूण केली.

वेळ ठरवतानाही बोलावे लागले. नोव्हेंबरात मगरीब सहाच्या सुमारास होते आणि मशीद जवळ आहे. कार्यक्रम असरनंतर पावणेपाचला ठेवला, म्हणजे प्रश्नोत्तरे धरूनही साडेपाचला सभागृह मोकळे.

९ तारखेला त्याच जागी, त्याच माइकवर पूर्ण तालीम आणि मध्येच मुद्दाम प्रोजेक्टर बंद केला. भाची दोन सेकंद थांबली, पडद्याकडे पाहिले नाही आणि चिमण्यांची गोष्ट पुढे सांगू लागली. १० तारखेला काहीच करायचे नाही, अशी ताकीद होती. तिने तरी चिठ्ठ्या एकदा चाळल्याच.