पस्तीस कसे आले? दुसरीच्या पालकांना मुख्याध्यापिकेचे पत्र

प्रिय पालकहो,


या सत्रात दुसरीची वजाबाकी आपण आधी काड्यांनी आणि मग वहीत शिकवणार आहोत. मुले वर्गात रबर लावलेले काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलेली दिसली, की अभ्यास मागे पडेल अशी काळजी तुम्हाला वाटेल. म्हणून एका गणितातून कारण सांगते.

५२ – २७ हे गणित दिले की बरीच मुले ३५ लिहितात. काहींनी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो : सातातून दोन गेले, पाच, पाचातून दोन गेले, तीन. ५८ – २३ मध्ये याच रीतीने उत्तर बरोबर येते, म्हणून ती डोक्यात पक्की बसते. काही मुले मात्र हातचा घेतात, बारातून सात वजा करतात, पण दशकाच्या घरातले पाच तसेच ठेवतात. त्यांचेही उत्तर ३५ येते. चुका दोन, उत्तर एकच. नुसती वही पाहून त्यातली कोणती ते कळत नाही.

आता मूल दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडते. त्यातून २७ काढायच्या आहेत. सात सुट्या हव्यात आणि आहेत दोनच. मग ते स्वतः एका गठ्ठ्याचे रबर काढते. चार गठ्ठे उरतात, सुट्या होतात बारा. इथे बाई थांबवून विचारतात, "काड्या वाढल्या का?" एकूण ५२च आहेत हे मुलाने स्वतः सांगायला हवे. मग सात सुट्या आणि दोन गठ्ठे बाजूला केले की उरतात २५.

यानंतर हेच चित्रात येते, दशकाला रेघ आणि एककाला ठिपका. वहीत पाच खोडून चार लिहिण्याची पाळी त्यानंतरची. अनुभव, बोलणे, चित्र, चिन्ह हाच क्रम २०२२च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही आहे.

काड्या दिल्या म्हणजे समजले, असे नाही. एखादे मूल सगळे गठ्ठे सोडून एकेक काडी मोजते. उत्तर बरोबर येते, पण दशक कळलेला नसतो. त्याला पुन्हा गठ्ठे बांधायला लावतो. काड्या कायमच्याही नाहीत. 'रबर का काढलेस?' याचे कारण मूल सांगू लागले, की त्या बाजूला ठेवतो. वीसच्या आतल्या बेरजा-वजाबाक्या आणि पाढे पाठ करणे चालूच राहील.

घरी दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी देऊन मुलाकडे २७ रुपये मागा. सुटे करायला ते आपणहून नोट पुढे करते का, ते पाहा. तोवर 'शेजारच्याकडून हातचा घे' हे वाक्य कृपया शिकवू नका. उत्तर चुकले, तर दुरुस्त करण्याआधी "कसे केलेस?" एवढे विचारा आणि त्याने सांगितलेले बाईंना कळवा.

आपली,
मुख्याध्यापिका