चुण्यांचे कापड आणि आसनाची कळी

दुकानात पतियाळा सलवारीसाठी तीन-सव्वातीन मीटर कापड मागितले की घरचे विचारतात, साध्या सलवारीला दोन-अडीच मीटर पुरते ना? फरक चुण्यांचा आहे. चुणी घातली की कापड तिथे तिहेरी होते, म्हणजे एक इंच चुणी दिसायला तीन इंच कापड लागते. पंजाबातल्या पतियाळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सलवारीची सारी शोभा या चुण्यांच्या घेरातच असते. तिथे काटकसर केली की ती साधी सलवारच दिसू लागते. कापड वाचवायचे ते आसनात.

समजा सीट 38 इंच आहे आणि कापडाचा पन्हा 44. पट्टा शिवून साधारण 42 इंच होईल. पायाच्या तुकड्याची उंची झोळासकट 36 इंच धरली. प्रत्येक पायाला पूर्ण पन्ह्याचा एक तुकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कळी लागते. वर 18 इंच आणि खाली 4 इंच अशा चार कळ्या झाल्या. सगळ्या एकाच दिशेने कापल्या तर पन्ह्यात दोनच बसतात, म्हणून 36 इंचांचे दोन तुकडे खर्ची पडतात.

त्याऐवजी एकच तुकडा घ्या. सुलट बाजू आत ठेवून पन्हा दुमडा, म्हणजे 22 इंच रुंदीची दुहेरी घडी होईल. वरच्या कडेवर डावीकडून 4 इंचांवर आणि खालच्या कडेवर उजवीकडून 4 इंचांवर खूण करा, खुणा तिरक्या रेषेने जोडा आणि त्या रेषेवर कापा. मग दुमडही कापा. निम्म्या कळ्या उलट्या फिरवल्या की चारही तयार, आणि जोड्या आपोआप डाव्या-उजव्या पडतात. 36 इंच, म्हणजे जवळजवळ एक मीटर, वाचले. मात्र वर-खाली ठरलेल्या छापाच्या कापडात हे चालत नाही. फुले उलटी दिसतात.

कळीची तिरकी कड पायाच्या सरळ कडेला जोडावी. दोन तिरक्या कडा एकमेकींना शिवल्या तर शिवण ताणून लोंबते. तिरकी कड सुमारे अडीच इंचांनी लांब असते, म्हणून मोहरीकडून जुळवत यावे आणि वर उरलेले कापून टाकावे.

आता चार शिवणी जिथे भेटतात, ती जागा. मांडी घालून बसले की ताण तिथेच येतो आणि सलवार तिथेच उसवते. हिंदी-पंजाबी शिंपी तिथे मियानी नावाचा चौकट तुकडा बसवतात. तो कापडावर शंकरपाळ्यासारखा कापला तर चारही कोपरे वाया जातात. पट्टीतून 5 इंचांचा सरळ चौकोन कापावा आणि बसवताना कोपऱ्यावर फिरवावा. कापड वाया जात नाही, आणि कोपऱ्यावर फिरल्यामुळे उरेब आसनाच्या आडवे येऊन ताणाला थोडी ढील मिळते.

पायांचे दोन तुकडे, कळ्यांचा एक आणि पट्ट्याचे 10 इंच मिळून 118 इंच, म्हणजे 3 मीटर. मियानी आणि मोहरीच्या पट्ट्यांसाठी पाव मीटर वर घ्यावे. सुती कापड असेल तर कापण्याआधी भिजवून वाळवावे.