भाड्याचा कॅमेरा परत येतो तेव्हा

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात आणि कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानांतले फोन वाजायचे थांबत नाहीत. मुहूर्त सगळ्यांचा एकच, त्यामुळे शहरातल्या बहुतेक फोटोग्राफरांना जादाची बॉडी आणि ७०-२०० लेन्स नेमकी त्याच दोन दिवसांसाठी हवी असते. फोन आणि वहीवर चालणारा हा व्यवहार आता बऱ्याच ठिकाणी वेबसाइटवर आला आहे. गिऱ्हाइकाने तारखा निवडायच्या, पैसे भरायचे आणि ठरल्या वेळी वस्तू न्यायची. दिसायला सोपं आहे. पण अशा साइटची खरी परीक्षा दोन जागी होते: तारखांच्या हिशेबात आणि वस्तू परत आल्यावर.

आधी तारखा. समजा, दुकानात एकाच मॉडेलचे तीन कॅमेरे आहेत. शुक्रवार, शनिवार आणि रविवार या प्रत्येक दिवसासाठी एकेका दिवसाची वेगवेगळी बुकिंग आली आहेत. आता चौथ्या गिऱ्हाइकाला एक कॅमेरा तिन्ही दिवस हवा आहे. वहीवाला माणूस क्षणात सांगेल, की रोज एकच कॅमेरा बाहेर जातोय, दोन घरीच आहेत, घेऊन जा. साइट मात्र इथे हमखास फसते. आधीच्या किती बुकिंगांशी तारखा भिडतात, एवढंच ती मोजत असेल तर उत्तर तीन येतं आणि कॅलेंडरवर लाल चौकट उमटते. तीनही बुकिंगांना तिने वेगवेगळे कॅमेरे आधीच नेमून दिले असतील, तरीही तेच होतं. सलग तीन दिवस मोकळा असा एकही कॅमेरा उरत नाही. दुकानात दोन कॅमेरे पडून असताना गिऱ्हाईक परत जातं, आणि मालकाला ते कळतही नाही.

यावर उपाय दोन भागांत आहे. बुकिंग घेताना मॉडेल आणि संख्या एवढंच नोंदायचं. नेमका कोणत्या सिरियल नंबरचा कॅमेरा जाणार, हे देण्याच्या वेळी किंवा फार तर आदल्या दिवशी ठरवायचं. आणि उपलब्धता बघताना मागितलेल्या काळात एकाच वेळी जास्तीत जास्त किती कॅमेरे बाहेर असतील, तो आकडा काढायचा. आपल्या उदाहरणात तो एक आहे, म्हणजे आणखी दोघांना कॅमेरा देता येतो.

दोन भाड्यांच्या मधला वेळही कॅलेंडरला माहीत असावा लागतो. सकाळी नऊला परत आलेला कॅमेरा नऊलाच दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. बॅटऱ्या चार्ज करायच्या, कार्डं रिकामी करायची, लेन्स पुसून तपासायची, यात दोन-तीन तास सहज जातात. हा वेळ गिऱ्हाइकाकडून भाड्यात घ्यायचा नाही, पण कॅलेंडरवर अडवून ठेवायचाच. आणि दोघांनी एकाच मिनिटाला शेवटचा कॅमेरा निवडला तर? रेल्वेच्या तिकिटासारखा घोळ नको असेल, तर पैसे भरायला सुरुवात होताच ती वस्तू दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवावी लागते. पैसे आले नाहीत, तर ती आपोआप मोकळी व्हायला हवी.

आता अनामत. कॅमेऱ्याच्या पूर्ण किमतीएवढी अनामत मागितली तर विद्यार्थी आणि नवे फोटोग्राफर दारातूनच परततात. कमी मागितली तर चोराला ती परवडते: दोन लाखांचा कॅमेरा वीस हजारांत मिळाला, असा त्याचा हिशेब असतो. म्हणून अनामतीकडून चोरी थांबवण्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. ती लहान नुकसानीसाठी असते. चोरीसाठी ओळखपत्र, राहत्या पत्त्याची खातरजमा आणि नव्या गिऱ्हाइकाच्या जुन्या कामाची विचारपूस हीच साधनं आहेत.

अनामत कधी घ्यायची, यालाही कारण आहे. कार्डावर रक्कम न कापता नुसती रोखून ठेवता येते, पण ती सोय थोड्याच दिवसांची असते. मुदत संपली की रक्कम आपोआप मोकळी होते. लग्न डिसेंबरात आणि बुकिंग ऑक्टोबरात असेल, तर बुकिंगच्या दिवशी रोखलेल्या रकमेचा उपयोग शून्य. शहाणी साइट बुकिंगला फक्त आगाऊ भाडं घेते आणि अनामत वस्तू देण्याच्या आदल्या दिवशी मागते. हिशेबात अनामत भाड्याबरोबर मिसळू नये, हेही महत्त्वाचं. परत द्यायची अनामत ही विक्री नाही. जीएसटी भाड्यावर लागतो. अनामतीवर तो लागतो ती रक्कम भाड्यात वळती केल्यावरच.

सगळ्यात चिघळणारा भाग नुकसानीचा. लग्नाच्या संगीतात हल्ली डीजेबरोबर लेझरचे झोत असतात. असा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची खूण राहू शकते: एक रंगीत रेघ किंवा चमकते ठिपके, प्रत्येक फोटोत त्याच जागी. गिऱ्हाईक म्हणतं, धूळ असेल. दुकानदार म्हणतो, सेन्सर गेला. दोघांचा वाद पांढऱ्या भिंतीपुढे मिटतो. एफ-१६ छिद्रावर भिंतीचा फोटो काढला तर सेन्सरवरची धूळ काळसर ठिपका म्हणून स्पष्ट दिसते, छिद्र एफ-२.८ केलं की ती विरून जाते, आणि सेन्सर साफ केला की जातेच. लेझरची खूण छिद्र बदललं, लेन्स बदलली, सेन्सर पुसला, तरी जागची हलत नाही.

पण ही खूण याच भाड्यात पडली हे कशावरून? त्यासाठी वस्तू देताना त्याच भिंतीचा फोटो काढून बुकिंगला जोडलेला असायला हवा. सोबत सिरियल नंबर, लेन्सच्या पुढच्या-मागच्या काचेचे आणि माउंटचे फोटो. परत येताना तेच फोटो पुन्हा. यात पाच-दहा मिनिटं जातात आणि निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत.

नियमावली लिहिताना बरेच दुकानदार एकच वाक्य टाकतात: नुकसान झाल्यास अनामत जप्त. कायद्यापुढे हे वाक्य लंगडं आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, भरपाई मात्र वाजवी असावी लागते. फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधी भरलेल्या रकमेच्या जप्तीलाही हेच लागू केलं. म्हणजे लेन्सच्या हुडवर ओरखडा पडला म्हणून वीस हजार गिळता येत नाहीत. सर्व्हिस सेंटरचं बिल दाखवून तेवढंच कापावं लागतं. दुरुस्तीच्या काळातलं बुडालेलं भाडंही हवं असेल, तर किती दिवसांचं आणि कोणत्या दराने, ते आधी लिहून ठेवलेलं बरं.

दुसरी बाजूही आहे. वेगळा करार नसेल आणि सामान्य समजूतदार माणूस स्वतःची तशीच वस्तू जितकी जपेल तितकी गिऱ्हाइकाने ती जपली असेल, तर कलम १५२ त्याला नुकसानीतून सोडवतं. वेळेवर परत न केलेल्या वस्तूची जबाबदारी मात्र कलम १६१ प्रमाणे त्या क्षणापासून त्याच्यावर येते. आणि कलम १५० दुकानदाराला बांधतं: भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल तर तो माहीत नव्हता, ही सबब चालत नाही.

म्हणून लेन्सला झिजेने पडणारे हुडवरचे ओरखडे नियमावलीतच वगळावेत. काच, सेन्सर, माउंट, पाणी आणि वाळू यांची नावं घालून वेगळी नोंद करावी. अलिबागच्या किनाऱ्यावरून आलेल्या झूम लेन्सची रिंग फिरवताना करकरली, की ती आत वाळू शिरल्याची खूण असते आणि लेन्स उघडल्याशिवाय ती निघत नाही.

भाड्याने कॅमेरा नेणाऱ्याने दुकानातून निघण्याआधी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो स्वतःच्या कार्डावरही घ्यावा आणि अनामत किती दिवसांत परत येणार, ते लिहून घ्यावं.