सतार हृषीकेशहून गेली नाही

आमच्या भिवंडीत गाण्याचा कार्यक्रम संपला आणि चहा फिरू लागला की कुणीतरी सतारीचा विषय काढतो. मग ती गोष्ट येतेच. बीटल्स हृषीकेशला आले, महर्षी महेश योगींच्या आश्रमात सतारीच्या प्रेमात पडले, तिथंच ती शिकले आणि परत जाऊन त्यांनी रॉकमध्ये राग घातले. सांगणारा इतक्या खात्रीनं सांगतो की सगळे माना डोलावतात. एकदा तारखा शेजारीशेजारी मांडल्या असत्या तर हा विषय कधीच मिटला असता.

बीटल्स हृषीकेशला पोचले फेब्रुवारी 1968 मध्ये. सतार असलेलं त्यांचं पहिलं गाणं, ‘नॉर्वेजियन वुड’, लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालं ऑक्टोबर 1965 मध्ये, म्हणजे सव्वादोन वर्षं आधी. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसननं ती सतार लंडनच्याच एका दुकानातून घेतली होती. तोवर त्याला कुणी शिकवलंही नव्हतं. तार तुटली तेव्हा नवी मिळवायला लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलचे अयन अंगडी यांना फोन गेला. अंगडी मूळचे कर्नाटकातले. पुढे जून 1966 मध्ये हॅरिसन आणि रविशंकर यांची भेट झाली ती याच अंगडींच्या ओळखीतून.

त्या गाण्यात राग आहे का? नाही. तळाशी षड्ज धरलेला आहे, गंधार शुद्ध आणि निषाद कोमल आहे, त्यामुळे कानाला खमाजाचा वास येतो. पण मधल्या कडव्यात गंधार सरळ कोमल होतो आणि पुन्हा शुद्धावर येतो. राग ठरतो तो चलनानं, कुठल्या स्वरावर थांबायचं आणि कुठला ओलांडून जायचं या शिस्तीनं. इथं सतार गिटारचीच चाल वाजवते. ना मींड, ना बढत.

राग-तालाची कल्पना खरी शिरली ती पुढच्या दोन गाण्यांत. ‘लव्ह यू टू’ एप्रिल 1966 चं. त्यात सुरुवातीला सतारीची लय नसलेली आलापी आहे आणि मग तबला येतो. तबल्यावर अनिल भागवत होते आणि ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. ‘विदिन यू विदाउट यू’ 1967 चं, स्वर खमाज थाटाचे. मधल्या वाद्यांच्या भागात तर दहा मात्रांचा झपताल लागतो. त्यात दिलरुबा आहे, आणि निर्माता जॉर्ज मार्टिननं व्हायोलिन-चेलोवाल्यांना दिलरुब्याच्या मींडेमागं सरकत जायला लावलं. सुटे सुटे स्वर वाजवायची सवय असलेल्या वादकांना ते सोपं गेलं नाही. ही दोन्ही गाणी हृषीकेशच्या आधीची, दोन्ही लंडनमधली.

आता मुंबईचा मुद्दा, जो आपल्याकडे कुणी काढतच नाही. हॅरिसन सप्टेंबर 1966 मध्ये सतार शिकायला रविशंकरांकडे मुंबईला आला, ताजमध्ये खोट्या नावानं उतरला. रियाजात त्याला रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांचीही मदत होती. पुढे जानेवारी 1968 मध्ये तो पुन्हा मुंबईला आला. फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. वादक कोण होते ते पाहा: सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा. स्टुडिओ पुरता ध्वनिरोधक नव्हता, बाहेरच्या रहदारीचा आवाज आत येई. दोन ट्रॅकचं यंत्रही कलकत्त्याहून आणावं लागलं होतं.

त्याच दिवसांत ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत झालं. त्यात सरोद आहे, शहनाई आहे, बासरी आहे, हार्मोनियम आहे, पखवाज आहे. सतार नाही! बीटल्सचं सर्वांत ‘हिंदुस्थानी’ वाटणारं गाणं भिवंडीपासून लोकलच्या अंतरावर बनलं, ते सतारीविना, आणि गायनाचं काम लंडनला फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकूनच हॅरिसन हृषीकेशला निघाला. हृषीकेशात त्यांनी पुष्कळ गाणी रचली, पण ती गिटारवर. तिथं गायक डोनोव्हननं लेननला गिटारच्या तारा बोटांनी छेडायची पद्धत शिकवली. म्हणजे आश्रमातून शिकून नेलेली गोष्ट असेल तर ती ही.

गोष्टीचं शेपूट म्हणून येणारा दुसरा गैरसमज असा की हे सगळं ऐकून भारतभर लोकांची छाती फुगली. छाती फुगली ती बरीचशी नंतर, आठवणींत. 1966 मध्ये हॅरिसन मुंबईत आहे हे फुटलं तेव्हा ताजखाली जमली ती शाळा-कॉलेजच्या वयाची मुलंमुली, त्यातही मुली जास्त. त्यांना बीटल हवा होता, सतार नव्हे. रविशंकर आत्मचरित्रात लिहितात की लंडन-टोकियोत असं वेड पाहिलं असतं तर नवल नव्हतं, पण आपल्या देशात पाहून ते चकित झाले. आणि शास्त्रीय संगीताच्या बैठका ऐकणाऱ्यांत कुजबूज चालू झाली ती हॅरिसनबद्दल नव्हे, रविशंकरांबद्दल: हिप्पींच्या नादी लागले, संगीत विकायला काढलं. हा आरोप त्यांना पुढे अनेक वर्षं खोडत बसावं लागलं. स्वतः त्यांना ‘नॉर्वेजियन वुड’मधली सतार विचित्रच वाटली होती, आणि संगीताची गाठ अमली पदार्थांशी मारली जाते याचा त्यांना राग होता.

उरलेल्या बहुसंख्य श्रोत्यांना यात नवं फारसं काही वाटलं नसावं, असं माझं मत. मुंबईच्या सिनेसंगीतात सतार व्हायोलिनच्या ताफ्याशेजारी कित्येक वर्षं वाजतच होती. उलट्या दिशेनं गेलेला माल पाहा: 1965 च्या ‘जानवर’मध्ये शम्मी कपूर बीटल्सच्याच एका चालीवर नाचतो. 1968 मध्ये शंकर-जयकिशननी रईस खाँची सतार सॅक्सोफोन-ट्रम्पेटसोबत बसवून ‘रागा जॅझ स्टाइल’ काढली. फोर्टातल्या त्या वादकांपैकी शर्मा आणि चौरसिया सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत मुरलेले होते. परदेशी गोऱ्याचं काम त्यांच्यासाठी आणखी एक शिफ्ट होती, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘सुरुवात बीटल्सनीच केली’: नाही. किंक्सचं ‘सी माय फ्रेंड्स’ जुलै 1965 चं. मुंबईतल्या मुक्कामात किनाऱ्यावर ऐकलेल्या कोळ्यांच्या सुरांवरून ते सुचलं, असं रे डेव्हिसनं सांगितलंय, आणि त्यातला टिकलेला षड्ज गिटारचा आहे. यार्डबर्ड्सनी तर त्याआधीच एका सतारियाला बोलावलं होतं, पण ते ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून जेफ बेकच्या गिटारवर तोच भाग उतरवला. ‘मॉन्टेरीच्या महोत्सवात रविशंकर हिप्पींत मिसळले’: 18 जून 1967 च्या दुपारी त्यांनी भीमपलासी मांडला, आणि हेन्ड्रिक्सनं गिटार पेटवली तेव्हा त्यांना ते सहन झालं नाही. ‘हॅरिसन मोठा सतारिया झाला’: 1968 मध्येच त्यानं ओळखलं की या वाद्याला लहानपणापासून बसावं लागतं, आणि तो गिटारकडे परतला. रविशंकरांशी मैत्री मात्र हॅरिसनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 2001 पर्यंत, टिकली.