एकच खेळ, पाच परतावे

बुक ऑफ डेड हा स्लॉट युरोपातल्या बहुतेक ऑनलाइन कॅसिनोंच्या यादीत दिसतो. स्वीडनच्या प्ले'न गो कंपनीने 2016 मध्ये तो आणला. पाच रिळं, दहा रेषा, इजिप्तची देवळं आणि टोपी घातलेला रिच वाइल्ड नावाचा साहसवीर असं त्याचं रूप. दोन वेगवेगळ्या साइटवर तो शेजारी शेजारी उघडून ठेवला तर चित्रं, संगीत, बक्षिसांचा तक्ता, कशातही फरक दिसणार नाही. तरीही एका साइटवर तो लावलेल्या पैशांपैकी सरासरी 96.21 टक्के परत देत असेल आणि दुसरीवर 87.25 टक्के. यात फसवणूक असेलच असं नाही. कंपनीनेच हा खेळ 96.21, 94.25, 91.25, 87.25 आणि 84.18 अशा पाच परताव्यांत तयार ठेवला आहे आणि त्यातला कोणता घ्यायचा हे साइटचा चालक ठरवतो.

टक्क्यांमधला फरक वाचताना किरकोळ वाटतो, म्हणून तो पैशांत मोजून पाहू. समजा लंडनमधला कुणी प्रत्येक स्पिनला एक पौंड लावतो आणि तासाभरात 600 स्पिन करतो. म्हणजे त्याने 600 पौंडांची उलाढाल केली. 96.21 च्या आवृत्तीत त्यातले सरासरी 22 पौंड 74 पेन्स साइटकडे राहतात. 87.25 च्या आवृत्तीत 76 पौंड 50 पेन्स राहतात. तोच खेळ, तेवढाच वेळ आणि तेवढाच डाव, पण त्याची किंमत तिपटीहून जास्त. म्हणून परताव्याच्या आकड्याकडे पाहताना तो शंभरातून वजा करून पाहावा. 96 आणि 87 हे आकडे जवळचे वाटतात. 4 आणि 13 तसे वाटत नाहीत.

हे घडतं कसं? ऑनलाइन स्लॉट साइटच्या संगणकावर चालत नाही. खेळाडूला साइटच्या चौकटीत खेळ दिसतो, पण प्रत्येक स्पिनचा निकाल खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठरतो. तिथे प्रत्येक परताव्यासाठी वेगळं गणित ठेवलेलं असतं. बक्षिसांचा तक्ता तसाच ठेवून रिळांवर महागडी चिन्हं किती वेळा यावीत, फुकट स्पिन देणारं पुस्तक किती वेळा दिसावं, एवढं बदललं की परतावा खाली येतो. म्हणूनच तक्ता कितीही बारकाईने वाचला तरी आवृत्ती कळत नाही. सर्वात मोठं बक्षीस दोन्हीकडे डावाच्या 5,000 पट असंच लिहिलेलं असतं. ते किती दुर्मिळ आहे, हे तक्ता सांगत नाही.

परवानाधारक बाजारात यातलं प्रत्येक गणित स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावं लागतं. त्यामुळे 'मी जिंकायला लागलो की साइट परतावा खाली ओढते' ही सर्रास ऐकू येणारी शंका इथे लागू पडत नाही. आवृत्ती त्या साइटवरच्या सर्वांसाठी एकच निवडलेली असते. एका माणसाकडे पाहून ती बदलली जात नाही.

मग चालक कमी परताव्याची आवृत्ती का घेतात? नफा वाढवायचा हे उघड कारण आहेच, पण जर्मनीचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथे 1 जुलै 2021 पासून ऑनलाइन स्लॉटवर 5.3 टक्के कर आला आणि तो नफ्यावर नाही, लावलेल्या प्रत्येक डावावर आहे. खेळाडूने 100 युरो लावले की पाच युरोंहून थोडी जास्त रक्कम सरकारजमा होते, मग खेळाडू जिंको वा हरो. आता 96.21 च्या आवृत्तीत साइटकडे शंभरातले 3.79 युरोच उरतात. म्हणजे कर भरायलाही ते पुरत नाहीत. साहजिकच जर्मन साइटवर कमी परताव्याच्या आवृत्त्या आल्या. तो कर शेवटी खेळाडूच भरतो, फक्त त्याची पावती त्याला मिळत नाही. जिथे कर साइटच्या निव्वळ उत्पन्नावर असतो, तिथे हिशेब इतका अशक्य होत नाही. तरी कर वाढला किंवा बोनस जास्त वाटला की तो खर्च भरून काढायला हीच सेटिंग सर्वात सोपी पडते, कारण ती बदलल्याचं पडद्यावर दिसत नाही.

ते खेळूनही कळत नाही. बुक ऑफ डेडसारख्या खेळात बराच काळ काहीच मिळत नाही आणि मग एखाद्या फेरीत एकदम मोठी रक्कम येते. एवढा चढउतार असला की 10,000 स्पिननंतरही प्रत्यक्ष मिळालेला परतावा ठरलेल्या आकड्याच्या दहा टक्के वर किंवा खाली असू शकतो. ताशी 600 स्पिन धरले तर हे सतरा तासांचं खेळणं झालं. 96 आणि 91 मधला पाच टक्क्यांचा फरक त्या गोंधळात पार बुडून जातो. 'ही साइट आजकाल देत नाही' असं अनुभवावरून म्हणणाऱ्याची आवृत्ती वरचीही असू शकते आणि जिंकून खूश असलेल्याची खालची.

म्हणून आकडा वाचणं हा एकच मार्ग उरतो, आणि तो योग्य जागी वाचावा लागतो. खेळाची ओळख करून देणाऱ्या लेखांत बहुधा सर्वात वरचा आकडा छापलेला असतो. डेमोमध्ये दिसणारा आकडाही त्या डेमोचाच असतो. ज्या साइटवर पैसे लावायचे, तिथे लॉगिन करून खरा खेळ उघडावा, पण स्पिन करू नये. पडद्याच्या कोपऱ्यात "?" किंवा "i" चं चिन्ह, नाहीतर तीन आडव्या रेषांचा मेनू असतो. त्यातून नियमांची पानं उघडतात. पहिली पानं बक्षिसांची असतात, ती ओलांडून अगदी शेवटपर्यंत जावं. तिथल्या बारीक अक्षरांच्या परिच्छेदात "RTP" किंवा "theoretical return to player" या शब्दांजवळ टक्केवारी सापडते. ब्रिटनमध्ये परताव्याची माहिती खेळाडूला खेळण्याआधी उपलब्ध करून देणं परवानाधारकाला बंधनकारक आहे. तिथे ती सापडलीच नाही, तर तेवढ्यावरून तक्रार करता येते.

काही खेळांत एकाऐवजी दोन-तीन आकडे असतात. नेहमीच्या स्पिनचा परतावा वेगळा आणि जादा पैसे भरून बोनस फेरी विकत घेतली तर वेगळा. 'पासून-पर्यंत' असा नुसता पल्ला दिला असेल, तर आपल्यासमोरची आवृत्ती कोणती हे साइटच्या मदत विभागाला लेखी विचारावं. एकदा पाहिलेला आकडा कायमचाही नसतो. चालक पुढे दुसरी आवृत्ती लावू शकतो, म्हणून काही दिवसांनी तेच पान पुन्हा उघडून पाहावं लागतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक अट आहे. नियमांच्या पानावरचा आकडा खरा मानायचा, तर त्यामागे तपासणारं कुणीतरी हवं. ब्रिटिश साइटच्या तळाशी परवाना क्रमांक असतो आणि तो गॅम्बलिंग कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत शोधून पडताळता येतो. विनापरवाना साइटवर नामवंत खेळांच्या हुबेहूब नकलाही चालवल्या जातात. त्यांचे निकाल मूळ कंपनीच्या सर्व्हरवरून येतच नाहीत, आणि नियमांच्या पानावर 96.21 लिहायला नक्कल करणाऱ्याला काही पडत नाही. भारतात 2025 मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. त्यामुळे रुपयांत पैसे घेणाऱ्या ज्या परदेशी स्लॉट साइटच्या जाहिराती मुंबई-पुण्यातल्या मोबाइलवर येतात, त्यांच्यामागे इथला परवाना नसतो, आणि तिथल्या खेळाचा परतावा तपासायला सांगावं अशी कोणतीही भारतीय यंत्रणा नाही.