कुंकू, मेंदी आणि मेण: न पसरवता डाग काढताना

कपड्यावरचा डाग बहुतेक वेळा पसरतो तो डाग काढण्याच्या प्रयत्नातच. पाणी कोरड्या धाग्यांतून बाहेरच्या दिशेने ओढले जाते आणि सुटलेला रंग सोबत नेते; चोळल्याने रंगाचे कण धाग्यांच्या आत शिरतात; उष्णतेने मेण पातळ होऊन वाट दिसेल तिकडे जाते. म्हणून कोणताही डाग असो, तीन सवयी सारख्याच. काम डागाच्या कडेकडून मध्याकडे करायचे. डागाखाली जुन्या पांढऱ्या सुती कापडाची घडी ठेवायची आणि चोळण्याऐवजी टिपून घ्यायचे. घडीवर रंग उतरला की तिची स्वच्छ बाजू पुढे घ्यायची. तीच मळकी घडी पुन्हा लावली तर काढलेला रंग परत कापडावर जातो.

कुंकवाचा डाग आधी कोरडाच हाताळावा. हळदी-कुंकवात किंवा औक्षणाच्या वेळी कपड्यावर सांडते ती बारीक पूड, आणि कोरडी असेपर्यंत ती धाग्यांवर नुसती बसलेली असते. ओला हात किंवा रुमाल लावला की तिची रंगीत लापशी होते. कपडा उचलून, डागाची बाजू खाली करून मागून हलक्या टिचक्या माराव्यात. उरलेली पूड मऊ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने झटकावी, किंवा चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलावी. रेशमावर चिकटपट्टी दाबू नये, तिने धागे ओढले जातात. जरीच्या काठावर तर ती वापरूच नये.

पुढचा उपाय कुंकू कशाचे आहे यावर ठरतो. पारंपरिक कुंकू हळदीवर चुना किंवा टाकणखार यांची प्रक्रिया करून होते. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात मात्र पांढऱ्या भुकटीला कृत्रिम लाल रंग दिलेला असतो. ओळखण्यासाठी करंड्यातले चिमूटभर कुंकू टिपकागदावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंबाभोवती गुलाबी किंवा लाल वलय झपाट्याने पसरले, तर त्यात पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे आणि कपड्यावरही तो असाच धावेल. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही. तो जागच्या जागी राहतो.

समजा, पांढऱ्या सुती सदऱ्यावर हळदीच्या कुंकवाचा रुपयाएवढा डाग आहे आणि पूड झटकून झाली आहे. सदरा उलटा करून डाग घडीवर ठेवावा आणि मागच्या बाजूने थंड पाणी थेंबाथेंबाने सोडावे, म्हणजे कण आले त्याच वाटेने बाहेर पडतात. मग पातळ डिटर्जंटचे दोन थेंब बोटाने टेकवून दहा मिनिटे ठेवावे. या वेळी डाग एकदम गडद लाल झाला तर घाबरण्याचे कारण नाही. हळदीतला रंग साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थात लाल होतो आणि पाण्याने साबण निघून गेला की पुन्हा पिवळा दिसतो. असा रंग बदलला म्हणजे हळद अजून धाग्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ. धुतल्यावर उरलेला फिकट पिवळा डाग उन्हात वाळवताना बराच उडतो, कारण हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. तरीही राहिलाच, तर पांढऱ्या सुती कपड्यासाठी ऑक्सिजन ब्लीच पाकिटावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात मिसळून तासभर भिजवावे.

रेशमाला ही रीत जशीच्या तशी लावता येत नाही. रेशीम हे प्रथिन आहे. क्लोरीनचे ब्लीच त्याचा धागा खाते, कपड्याचा सोडा आणि अल्कधर्मी पावडर त्याची झळाळी घालवते, आणि कृत्रिम लाल रंग सुतापेक्षा रेशमावर जास्त घट्ट बसतो. म्हणून रेशमावरचे कुंकू शक्यतो कोरडेच काढायचे. पाणी लावणे भाग पडले, तर आधी आतल्या शिवणीवर किंवा खोचल्या जाणाऱ्या टोकावर एक थेंब टाकून पांढऱ्या कापडाने टिपावे. साडीचाच रंग कापडावर उतरला, तर तिथेच थांबून ती ड्रायक्लीनिंगला द्यावी आणि डाग कुंकवाचा आहे हे तिथे सांगावे. जरीवर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये, त्याने जर काळवंडते.

मेंदीच्या बाबतीत वेळ सर्वांत महत्त्वाची. ओल्या लगद्यातला रंग हळूहळू धाग्यात उतरतो आणि हातावरच्या मेंदीसारखाच पुढच्या एक-दोन दिवसांत हवेने गडद होतो. त्यामुळे फिकट केशरी दिसणारा ताजा डाग किरकोळ समजून ठेवून देऊ नये. लगदा चमच्याच्या कडेने कडेकडून मध्याकडे गोळा करत उचलावा. सुतावर मागून थंड पाणी सोडावे, पातळ डिटर्जंट लावावे आणि पांढरा कपडा असल्यास ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवावे. कोनात बहुधा निलगिरीसारखे तेल असते. रंग जाऊनही डागाभोवती तेलकट कडा दिसली, तर त्या कडेवर डिटर्जंट पुन्हा लावावे.

मेंदीचा रंग त्वचेवर चढतो तो तिथल्या प्रथिनाला धरून, आणि रेशमालाही तो तसाच धरतो. पांढऱ्या रेशमावर तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तितकेच पाणी घालून, आधी कोपऱ्यात चाचणी करून, थेंबभर लावता येते. पाचेक मिनिटांनी ते थंड पाण्याने पूर्ण काढून टाकावे. रंगीत रेशमावर हा उपाय करू नये. मेंदीचा रंग सुटण्याआधी साडीचा मूळ रंग उडतो आणि लाल डागाच्या जागी पांढरट ठिपका उरतो. मुरलेली मेंदी रंगीत रेशमावरून पूर्ण जाईलच असे नाही, आणि अशा वेळी हात आवरल्यानेच साडी वाचते.

मेणाचा थेंब गरम असताना त्याला हात लावू नये. पुसले की त्याचा पट्टा होतो. तो गार होऊ द्यावा. पिशवीत बर्फाचे खडे घेऊन ती थेंबावर काही मिनिटे टेकवली की मेण ठिसूळ होते आणि बोथट कडेने त्याचे तुकडे उडतात. रेशमाखाली आणि पिशवीखाली कोरडे कापड ठेवावे, नाहीतर पाघळलेल्या पाण्याचा वेगळा डाग पडतो.

धाग्यात मुरलेले पांढरे मेण उष्णतेनेच निघते. डागाच्या खाली आणि वर टिपकागद ठेवून, वाफ बंद केलेली कोमट इस्त्री दोन-तीन सेकंद नुसती टेकवावी, फिरवू नये. कागदावर पारदर्शक ठिपका उमटला म्हणजे मेण वर आले. प्रत्येक वेळी कागदाची कोरी जागा डागावर आणावी आणि ठिपका उमटेनासा होईपर्यंत हे करावे. रेशमाला इस्त्रीचे सर्वांत कमी तापमान पुरते, कारण मेण साधारण साठ अंशांच्या आसपास वितळते. शेवटी उरलेली पुसट तेलकट छटा सुतावर डिटर्जंटने जाते.

रंगीत मेणबत्तीचे मेण मात्र इस्त्रीखाली घेऊ नये. मेण कागदात जाते, पण त्यातला रंग वितळून कापडात खोल उतरतो. वरचे मेण बर्फाने काढून उरलेला भाग ड्रायक्लीनरकडे सोपवावा.

तिन्ही डागांत शेवटची तपासणी एकच: कपडा सावलीत वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावा. ओल्या कापडावर डाग दिसेनासा होतो आणि वाळल्यावर पुन्हा दिसतो. पुसटशी छटा जरी उरली असेल, तरी नेहमीची कडक इस्त्री करण्याआधी तोच उपाय पुन्हा करावा. उष्णतेने बसलेला रंग नंतर फार चिवट होतो.